दाण्याचे वय, थराचे वय

उत्तर प्रदेशात बस्ती आणि गोरखपूर यांच्या दरम्यान संत कबीर नगर जिल्हा आहे. तिथे एका तळ्याच्या काठी लहुरादेवा नावाचे पांढरीचे टेकाड आहे. उत्तर प्रदेश राज्य पुरातत्त्व विभागाने राकेश तिवारी यांच्या नेतृत्वाखाली या शतकाच्या पहिल्या दशकात ते उत्खनले. तळच्या थरांत हाताने घडवलेल्या मडक्यांचे तुकडे मिळाले. काही तुकड्यांच्या मातीत भाताच्या तुसाचे ठसे होते, आणि सोबत जळून कोळसा झालेले तांदळाचे दाणे होते. हे दाणे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत के. एस. सारस्वत यांनी ओळखले. तळच्या थरांतल्या कोळशाची कार्बन-14 मोजणीही याच संस्थेच्या प्रयोगशाळेत झाली आणि सुरुवातीच्या तारखा इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या सहस्रकात पडल्या. पुढे तांदळाचाच एक दाणा घेऊन त्याची थेट तारीख काढली, तेव्हा ती इ. स. पूर्व 6400 च्या आसपास आली.

वर्तमानपत्रात ही बातमी 'गंगेच्या खोऱ्यात साडेआठ हजार वर्षांपूर्वी भातशेती' अशा एका ओळीत मावते. त्या ओळीत मात्र तीन वेगवेगळी विधाने एकमेकांना चिकटलेली आहेत. दाण्यात इतका कार्बन-14 उरला आहे, हे पहिले. इतका उरला म्हणजे इतकी वर्षे झाली, हे दुसरे. त्या काळी तिथे शेती होत होती, हे तिसरे. पहिले विधान यंत्र करते, दुसरे गणित आणि झाडांची वर्तुळे मिळून करतात, तिसरे उत्खननकार आणि वनस्पतितज्ज्ञ करतात. तिन्हींची खात्री सारखी नसते. कार्बन कालमापनावरच्या या पुस्तकात शिरण्यापूर्वी वाचकाला ही तिन्ही विधाने सुटी करता यावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

लखनौचे नाव यात योगायोगाने आलेले नाही. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी 1946 मध्ये ही संस्था स्थापन केली. 3 एप्रिल 1949 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि पुढच्याच आठवड्यात साहनी गेले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत पुढे कार्बन-14 मोजणारी प्रयोगशाळा उभी राहिली. तिच्या तारखांना 'बीएस' हे अक्षरचिन्ह आणि क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना 'टीएफ' हे चिन्ह अधिक ओळखीचे असेल. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला देवेंद्र लाल यांच्या पुढाकाराने भारतातली या प्रकारची पहिली प्रयोगशाळा सुरू झाली. तिथल्या धर्मपाल अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांच्या मोजण्यांनी भारतीय ताम्रपाषाणयुगाला वर्षांचा आधार मिळाला. त्याआधी पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी नेवाशाला आणि नवदाटोलीला उकरलेला कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाठवावा लागला होता.

आता पहिल्या विधानाकडे वळू. निसर्गातला बहुतेक कार्बन 12 वजनाचा, थोडा 13 वजनाचा. हे दोन्ही स्थिर असतात. वातावरणात उंचावर विश्वकिरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून 14 वजनाचा कार्बन तयार होतो. तो प्राणवायूशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड बनतो, प्रकाशसंश्लेषणातून वनस्पतीत उतरतो आणि अन्नसाखळीतून आपल्यापर्यंत पोचतो. प्रमाण अगदी अल्प असते. एक लाख कोटी कार्बन अणूंमागे कार्बन-14 चा जेमतेम एक. जीव जिवंत आहे तोवर नवा कार्बन येत राहतो आणि हे प्रमाण टिकते. भाताची लोंबी पिकून सुकली की पुरवठा थांबतो, आणि आत असलेला कार्बन-14 घटत जातो.

तो कसा घटतो, यात सगळी मेख आहे. कार्बन-14 चा प्रत्येक अणू एका वर्षात फुटण्याची शक्यता सुमारे 8267 मध्ये एक एवढी असते. हा अणू काल तयार झाला की दहा हजार वर्षांपूर्वी, याने तिच्यात काही फरक पडत नाही. माणसाचे असे नसते. ऐंशीव्या वर्षी पुढचे वर्ष न पाहण्याची शक्यता तिसाव्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त असते. अणूला वार्धक्य नाही. कोणता अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, पण कोट्यवधी अणूंचा जमाव घेतला तर किती फुटतील हे नेमके सांगता येते. जमाव दुप्पट असेल तर फुटणारे दुप्पट, निम्मा असेल तर निम्मे. ऱ्हासाचा वेग शिल्लक अणूंच्या संख्येच्या सरळ प्रमाणात, एकघाती, असतो, म्हणून याला प्रथम कोटीचा ऱ्हास म्हणतात. सूत्रात तो असा लिहितात:

N = N₀ e^(−λt)

N₀ म्हणजे सुरुवातीचे अणू, N म्हणजे t वर्षांनी उरलेले, आणि λ म्हणजे दरवर्षी फुटण्याची ती ठरलेली शक्यता.

समजा, जळक्या दाण्यात 5 मिलिग्रॅम कार्बन आहे. दाणा शेतातून आला तेव्हा त्यात कार्बन-14 चे 30 कोटींच्या आसपास अणू असणार आणि त्यांतले शंभरएक रोज फुटत असणार. आज त्यातले 12 कोटींच्या घरात उरले आहेत आणि रोज चाळिसाच्या आत फुटतात. साठा आटला तसा वेगही मंदावला. म्हणूनच हा साठा ठरावीक वर्षांनी 'संपत' नाही. तो ठरावीक वर्षांनी निम्मा होतो, पुन्हा तेवढ्याच वर्षांनी त्या निम्म्याचा निम्मा होतो. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कार्बन-14 चे अर्धायुष्य 5730 वर्षे आहे. दोन अर्धायुष्यांनी पाव भाग उरतो, तीन अर्धायुष्यांनी अष्टमांश. अर्धायुष्य दोनदा उलटले की सगळे संपले, असा समज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यापासून संपादकापर्यंत अनेकांचा असतो. ती सरळ रेषेची सवय आहे, आणि इथे रेषा सरळ नाही.

हा ऱ्हास केंद्रकाच्या आत घडतो. चुलीच्या आचेने, पावसाच्या पाण्याने, मातीच्या दाबाने त्याचा वेग बदलत नाही. दाणा जळला, त्यातला पिष्टमय भाग गेला, वजन घटले, तरी उरलेल्या कार्बनमधले 14 आणि 12 यांचे गुणोत्तर जवळपास तेच राहते. उलट जळाल्यामुळेच तो दाणा किडीपासून आणि कुजण्यापासून वाचला. पुरातत्त्वज्ञ जळक्या धान्यावर इतका जीव का टाकतात, याचे हे साधे कारण आहे.

गुणोत्तर मोजण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग फुटणारे अणू मोजतो. कोळशातून काही ग्रॅम कार्बन वेगळा काढायचा, रासायनिक क्रियांनी त्याचे बेंझिन करायचे, त्यात प्रत्येक ऱ्हासागणिक प्रकाशाचा ठिपका देणारे द्रव्य मिसळायचे आणि ते ठिपके मोजत बसायचे. ताज्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये मिनिटाला सुमारे साडेतेरा अणू फुटतात. आपल्या दाण्याइतक्या जुन्या कार्बनमध्ये पाचएक. एक टक्का अचूकता हवी तर दहा हजार ठिपके मोजावे लागतात, कारण यादृच्छिक घटनांच्या मोजणीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. दोन ग्रॅम कार्बन असेल तर एका नमुन्याला सुमारे सोळा तास लागतात. शिवाय काहीही नमुना नसताना यंत्रात पडणारे ठिपके मोजून वजा करायचे असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. एका दाण्यातून रोज चाळीसही ऱ्हास होत नाहीत, म्हणजे या रीतीने त्याची तारीख काढणे अशक्यच. दुसरा मार्ग अणू फुटण्याची वाटच पाहत नाही. नमुन्याचे ग्रॅफाइट करून त्यातले अणू त्वरकात सोडायचे, आणि वजनानुसार वेगळे करून थेट मोजायचे. याला त्वरक द्रव्यमानमापन म्हणतात. एका मिलिग्रॅमभर कार्बनमध्येही कार्बन-14 चे कोट्यवधी अणू हजर असतातच. लहुरादेवाचा दाणा स्वतःचे वय सांगू शकला तो या मार्गाने.

आता दुसरे विधान. समजा, दाण्यात ठरलेल्या आधुनिक मानकाच्या 39.2 टक्के कार्बन-14 उरला आहे. लहुरादेवाच्या दाण्याचे मोजमाप याच्याच आसपासचे म्हणता येईल. वय काढायचे सूत्र वरच्याच सूत्राला उलटे करून मिळते:

t = 8033 × ln(1 / 0.392) ≈ 7520

चाणाक्ष वाचक इथे थबकेल. शक्यता 8267 मध्ये एक म्हटली, मग सूत्रात 8033 का? कार्बन-14 पद्धत 1949 मध्ये मांडणारे शिकागोचे विलर्ड लिबी यांनी तेव्हाच्या मोजण्यांवरून अर्धायुष्य 5568 वर्षे धरले होते. 8033 ही त्यातून येणारी संख्या. पुढे अधिक चांगल्या मोजण्यांनी ते 5730 ठरले, पण तोवर शेकडो तारखा छापून झाल्या होत्या. अर्ध्या तारखा एका मापाने आणि अर्ध्या दुसऱ्या मापाने, असा गोंधळ नको म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी लिबींचाच आकडा ठेवला. म्हणून प्रयोगशाळेतून येणारा '7520 बीपी' हा आकडा खऱ्या वर्षांचा नसतोच. ती 'रेडिओकार्बन वर्षे' आहेत, 1950 पासून मागे मोजलेली. एका टिकलेल्या गुणोत्तराला दिलेला ठरीव आकडा.

मग 5730 वापरून आकडा दुरुस्त केला की झाले? तसे केले तर 7740 वर्षे येतात, म्हणजे इ. स. पूर्व 5800 च्या आसपास. पण छापलेली तारीख इ. स. पूर्व 6400 ची आहे. उरलेली सुमारे 600 वर्षे कुठून आली?

सूत्रातल्या N₀ कडे पाहा. दाणा पिकला तेव्हा हवेत कार्बन-14 किती होता, हे आपण गृहीत धरले होते, मोजले नव्हते. विश्वकिरण पृथ्वीपर्यंत किती पोचतील हे पृथ्वीच्या आणि सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रांवर ठरते, आणि ती क्षेत्रे बदलत आली आहेत. समुद्र किती कार्बन गिळतो आणि सोडतो, तेही बदलते. साडेआठ हजार वर्षांपूर्वीच्या हवेत कार्बन-14 आजच्या मानकापेक्षा सुमारे 8 टक्के जास्त होता. भरलेल्या माठाला अर्धा माठ समजून गळतीचा हिशेब केला, तर गळती कधी सुरू झाली याचे उत्तर चुकणारच.

त्या काळच्या हवेची नोंद झाडांनी ठेवली आहे. समशीतोष्ण प्रदेशातले झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढवते, आणि वर्तुळातला कार्बन त्याच वर्षीच्या हवेतला असतो. जिवंत झाडांची वर्तुळे जुन्या घरांच्या तुळयांशी, त्या तुळयांची नदीपात्रात गाडलेल्या ओंडक्यांशी जुळवत सुमारे 14 हजार वर्षांची अखंड साखळी तयार झाली आहे. प्रत्येक वर्तुळाचे वर्ष मोजून माहीत आहे, आणि त्यातला कार्बन-14 ही मोजलेला आहे. रेडिओकार्बन वर्षे आणि खरी वर्षे यांची जोडी लावणारा हा अंशशोधनाचा आलेख. आपल्या 7520 ला आलेखावर ठेवले की उत्तर इ. स. पूर्व 6400 च्या आसपास येते. ही दुरुस्ती शोभेची नव्हे. तिच्याशिवाय दाणा सहाव्या सहस्रकात पडतो आणि तिच्यासह सातव्यात.

या आलेखाने दिलेले दान प्रत्येक काळाला सारखे नाही, आणि याचा सर्वांत मोठा फटका गंगेच्या खोऱ्यालाच बसतो. इ. स. पूर्व 800 ते 400 या काळात हवेतला कार्बन-14 अशा गतीने घटत गेला की ऱ्हासाने होणारा फरक जवळपास भरून निघाला. आलेख तिथे आडवा पडतो. पाचव्या शतकातल्या कोळशाचे आणि आठव्या शतकाच्या मध्यावरच्या कोळशाचे रेडिओकार्बन वय जवळपास सारखे येते. 2450 चा आकडा हाती आला तर खरे वर्ष इ. स. पूर्व 750 पासून 410 पर्यंत कुठेही असू शकते. हाच काळ महाजनपदांचा, उत्तरेकडच्या काळ्या झिलईच्या मडक्यांचा, श्रावस्ती-कौशांबीच्या वाढीचा आणि बुद्धाचा. यंत्र कितीही सुधारले तरी हा पेच एका नमुन्याने सुटत नाही. एकावर एक असलेल्या थरांतले बरेच नमुने घेऊन, 'खालचा आधीचा' ही माहिती गणितात घालून तो थोडा सैल करता येतो. या काळातली एखादी तारीख कोणी पाच-दहा वर्षांच्या अचूकतेने सांगत असेल, तर ती कार्बनमधून आलेली नाही एवढे ओळखावे.

यंत्रापुढे जाण्याआधीच नमुना बिघडलेला असेल तर आलेखही वाचवू शकत नाही. गंगेच्या गाळात चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, भरपूर. जमिनीतल्या पाण्यातून ह्यूमिक आम्ले झिरपतात. गवताची बारीक मुळे कोळशाच्या फटींत शिरतात. म्हणून नमुना आधी आम्लात, मग अल्कलीत आणि पुन्हा आम्लात धुतात. पहिल्या आम्लाने चुना जातो, अल्कलीने ह्यूमिक आम्ले जातात, शेवटच्या आम्लाने मधल्या काळात हवेतून शोषलेला कार्बन जातो. मुळे भिंगाखाली चिमट्याने काढावी लागतात. एक टक्का आजचा कार्बन राहून गेला तर आपला दाणा सव्वाशे वर्षांनी तरुण दिसेल. ते चालवून घेता येईल. पण 40 हजार वर्षांच्या नमुन्यात तोच एक टक्का वय 33 हजारांच्याही खाली आणतो, कारण तिथे मुळातला साठाच एका टक्क्यापेक्षा कमी उरलेला असतो. 50 हजार वर्षांच्या आसपास ही पद्धत का थांबते, ते यातून कळेल. तिथे कार्बन-14 संपलेला नसतो, पण तो मळापासून वेगळा ओळखता येत नाही.

उरले तिसरे विधान. तारीख नेमकी कशाची? कोळशाची तारीख म्हणजे ज्या वर्षी ते लाकडाचे वर्तुळ वाढले त्या वर्षाची. जुन्या वृक्षाच्या गाभ्यातले लाकूड चुलीत घातले, तर चूल पेटण्याआधीच ते शंभर-दोनशे वर्षांचे असते. लखनौ जिल्ह्यातल्याच दादूपूरच्या उत्खननात लोखंड मिळाले. सोनभद्रातले राजा नल का टीला आणि चंदौलीतले मल्हार यांच्यासह तिवारी यांनी 2003 मध्ये या लोखंडाच्या थरांना इ. स. पूर्व 1800 ते 1000 हा काळ दिला, आणि उत्तर भारतातल्या लोखंडाची सुरुवात बरीच मागे गेली. त्यावरच्या चर्चेत कोणी प्रयोगशाळेच्या आकड्यांशी भांडत नाही. प्रश्न असतो तो कोळसा आणि लोखंड एकाच प्रसंगाचे आहेत का, हा. लोखंडाची तारीख निघालेली नाही. त्याच्या शेजारच्या कोळशाची निघाली आहे.

भाताच्या इतिहासात हाच धडा आधी एकदा गिरवून झाला होता. अलाहाबाद विद्यापीठाच्या गोवर्धन राय शर्मा यांनी बेलन खोऱ्यातल्या कोलडिहवा येथे 1970 च्या दशकात भाताचे अवशेष आणि सातव्या-सहाव्या सहस्रकातल्या कोळशाच्या तारखा मिळवल्या. पण त्याच स्थळाच्या इतर तारखा फार अलीकडच्या निघाल्या. कोळसा आणि भात एकत्र कसे आले हे नक्की सांगता येईना, आणि दावा वादात अडकला. लहुरादेवाला दाण्याचीच तारीख काढल्यावर हा वाद उरला नाही. उंदराने बीळ केले असो की खांबाचा खड्डा थरांतून गेला असो, दाणा दाण्याच्याच वयाचा असतो.

तरी एक गोष्ट कार्बन सांगत नाही: तो भात पेरलेला होता की तळ्याकाठी आपोआप उगवलेला. पूर्व उत्तर प्रदेशात जंगली भात आजही मिळतो. उपवासाला खातात ती तिन्नी हीच. रानटी भाताचा दाणा पिकला की आपोआप गळतो आणि देठाशी गुळगुळीत खूण राहते. माणसाने पिढ्यान् पिढ्या वेचून पेरलेल्या भाताचा दाणा लोंबीला धरून बसतो, झोडपल्याशिवाय सुटत नाही, आणि सुटताना देठ फाटतो. ही खूण भिंगाखाली दिसते, त्वरकात दिसत नाही. लहुरादेवाचा सर्वांत जुना भात शेतीचा होता की गोळा केलेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते कितीही अचूक तारखेने मिटणार नाहीत.

म्हणून पुढच्या प्रकरणांत कुठेही तारीख भेटली की वाचकाने तिला चार प्रश्न विचारावेत. आकडा रेडिओकार्बन वर्षांतला की अंशशोधित? एकच वर्ष दिले आहे की कालखंड, आणि तो किती रुंद? मोजलेली वस्तू कोणती, वर्षभर जगणारे धान्य की शतकानुशतके जगलेले लाकूड? आणि ज्या गोष्टीबद्दल विधान केले आहे तिचीच ती वस्तू आहे, की फक्त शेजारी सापडलेली? लहुरादेवाच्या बाबतीत ही उत्तरे लावली की बातमीतली ओळ अशी लिहावी लागेल: इ. स. पूर्व 6400 च्या सुमारास या तळ्याकाठच्या वस्तीत लोक भात खात होते. 'पिकवत' हा शब्द ज्याला तिथे घालायचा असेल, त्याने देठाची खूण दाखवावी.